ठरलं किती, आलं किती: शिकवणीच्या फीची नोंद

घरी शिकवण्या घेणाऱ्या बहुतेकांकडे फीची एक वही असते आणि ती जवळजवळ सगळीकडे सारखीच दिसते. डावीकडे मुलांची नावं, वर जून ते एप्रिल असे महिने, आणि चौकटीत बरोबरची खूण. फी आली की खूण, नाही आली की चौकट रिकामी. दहा मुलं असतील आणि प्रत्येकाचे पालक महिन्याच्या पाच तारखेला पूर्ण रक्कम देत असतील, तर या वहीत काहीच चुकत नाही. पण असं घडत नाही. कुणी अर्धी फी देतं, कुणी दोन भावंडांची एकदम देतं, कुणी दिवाळीनंतर देतो म्हणतं, कुणाला वडिलांची नोकरी गेली म्हणून सवलत दिलेली असते. मग चौकटीत खुणेऐवजी आकडे येतात, आकड्यांशेजारी बारीक अक्षरात शेरे येतात, आणि डिसेंबरपर्यंत ती वही लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही.

दोष वहीचा नाही, चौकटीचा आहे. महिन्याची फी लागू होणं ही एक घटना आणि पैसे हातात येणं ही दुसरी. या दोन घटना वेगवेगळ्या दिवशी घडतात, वेगवेगळ्या रकमेच्या असतात, आणि कधीकधी दुसरी घडतच नाही. त्या दोन्ही एका चौकटीत कोंबल्या की त्यातली एक हरवते. वाण्याच्या जुन्या खतावणीत नावे आणि जमा अशा दोन बाजू असत, त्या याच कारणासाठी. शिकवणीच्या फीला नेमकं तेच हवं.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा नववीतली एक मुलगी गणित-विज्ञानाला येते. तिला आपण क्रमांक 12 देऊ. क्रमांक देणं ही चांगली सवय आहे, कारण एका बॅचमध्ये एकाच नावाच्या दोन मुली हमखास असतात. महिन्याची फी 1,200 रुपये. ती 16 जून 2025 ला आली, म्हणून जूनची अर्धी फी, 600 रुपये, ठरली. पुढे दर महिन्याच्या 5 तारखेला 1,200.

आता तिच्याकडून आलेले पैसे. 18 जूनला 600 रोख. 9 जुलैला 1,200 यूपीआयने. 20 ऑगस्टला 700 आले आणि आईने सांगितलं, "आठवड्यावर गणपती आलेत, बाकीचे नंतर देते." 12 सप्टेंबरला 1,200 आले, सोबत निरोप: "सप्टेंबरची फी पाठवली." 15 ऑक्टोबरला 1,000 आले, काहीच निरोप नाही.

चौकटीच्या वहीत हे असं दिसेल: जूनला खूण, जुलैला खूण, ऑगस्टच्या चौकटीत 700, सप्टेंबरला खूण, ऑक्टोबरच्या चौकटीत 1000. ऑक्टोबरअखेर वही उघडली की ऑगस्टमधला 700 हा आकडा मिळालेले पैसे सांगतो की राहिलेले, हे आठवावं लागतं. आठवलं तरी पाचशे आणि दोनशे अशा दोन ठिकाणच्या तुटी शोधून त्यांची बेरीज मनात करावी लागते. अशी वीस मुलं असतील तर ती बेरीज कुणी करत नाही. सप्टेंबरला खूण पडली की ऑगस्टचे पाचशे डोळ्याआड जातात, आणि ते मागायची वेळ आली की इतका उशीर झालेला असतो की मागायला संकोच वाटतो.

दोन बाजूंनी लिहिलं तर काय होतं ते पाहा. ऑक्टोबरअखेर लागू झालेली फी: जूनचे 600, आणि जुलै ते ऑक्टोबर चार महिन्यांचे 4,800, एकूण 5,400. जमा: 600, 1,200, 700, 1,200 आणि 1,000, एकूण 4,700. बाकी 700. इथे काही आठवावं लागलं नाही. बाकी हा आकडा कुठेही हाताने लिहायचा नाही, तो नेहमी वजाबाकीतून निघाला पाहिजे. हाताने लिहिलेली बाकी पुढचा हप्ता आला की खोडावी लागते, आणि एकदा खोडायचं विसरलं की वही खोटी होते.

कागदावर हे करायचं तर प्रत्येक मुलाला एक पान द्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. मोबाइलवर किंवा संगणकावर करायचं तर गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये तीन पानं पुरतात. पहिलं पान मुलांचं: क्रमांक, नाव, इयत्ता, आल्याची तारीख, महिन्याची फी, पालकांचा फोन, आणि पैसे कोणाच्या खात्यावरून येतात. दुसरं पान आकारणीचं: तारीख, क्रमांक, कोणता महिना, रक्कम. तिसरं जमेचं: तारीख, क्रमांक, रक्कम, रोख की यूपीआय, आणि पालक काय म्हणाले. मग मुलांच्या पानावर, समजा H या रकान्यात, बाकी काढणारं सूत्र प्रत्येक ओळीत एकदाच लिहायचं:

```
=SUMIFS('आकारणी'!D:D,'आकारणी'!B:B,A2,'आकारणी'!A:A,"<="&TODAY())-SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!B:B,A2)
```

A2 म्हणजे मुलाचा क्रमांक. सूत्राचा अर्थ साधा आहे: या क्रमांकाची आजपर्यंत लागू झालेली सगळी फी, वजा या क्रमांकाचे आलेले सगळे पैसे. आजपर्यंत हा भाग महत्त्वाचा. त्यामुळे पुढच्या तीन महिन्यांची आकारणी आधीच लिहून ठेवली तरी ती बाकीत दिसत नाही. ज्या दिवशी ती तारीख येते त्या दिवशी बाकी आपोआप वाढते.

सवलतही आकारणीच्याच पानावर जाते, उणे चिन्ह लावून. कुणाला तीनशे सोडले तर त्या महिन्याखाली उणे 300 ची वेगळी ओळ आणि शेजारी कारण. मूळची 1,200 ची ओळ खोडून 900 करू नका. पुढच्या वर्षी पालक म्हणतात, "मागच्या वर्षी नऊशेच घेत होता", तेव्हा फी बाराशेच होती आणि तीनशे त्या वर्षापुरते सोडले होते, हे वहीने सांगितलं पाहिजे. मूल पंधरा दिवस आजारी होतं म्हणून कपात दिली, तीही तशीच. मे महिन्यात शिकवणी बंद असेल तर त्या महिन्याची ओळच लिहायची नाही. मध्येच मूल सोडून गेलं तर पुढच्या ओळी काढून टाकायच्या, मागच्या तशाच ठेवायच्या. आगाऊ घेतलेले पैसे उरत असतील तर बाकी उणे दिसते. ती रक्कम पालकांना परत द्यायची असते, आणि वहीने ती स्वतःहून दाखवलेली बरी. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग केंद्रांसाठी केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करा असं म्हटलं आहे. घरगुती शिकवणी त्या व्याख्येत बसत नाही, पण दहा दिवसांची ती मुदत घरीही पाळण्यासारखी आहे.

आता क्रमांक 12 च्या सप्टेंबरकडे परत येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. 12 सप्टेंबरला 1,200 आले तेव्हा ऑगस्टचे 500 आणि सप्टेंबरचे 1,200 असे 1,700 येणं होतं. आलेले पैसे आधी जुन्या बाकीत धरायचे की आईने म्हटल्याप्रमाणे सप्टेंबरमध्ये? एकूण बाकी दोन्हीकडे 500 च राहते. पण पालकांशी बोलताना फरक पडतो. आईने सप्टेंबरची म्हणून पाठवलेल्या पैशाबद्दल "सप्टेंबरचे पाचशे राहिले" असं सांगितलं तर ती म्हणणार, "अहो, सप्टेंबरची पूर्ण फी दिली की!" आणि तिचं चूक नाही.

या प्रश्नाचं उत्तर भारतीय करार कायद्यात, म्हणजे 1872 च्या कायद्यात, कलम 59 ते 61 मध्ये आहे. देणाऱ्याने रक्कम कशासाठी आहे हे सांगितलं असेल आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यात धरायची. देणाऱ्याने काहीच सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा ती आपल्या मर्जीने कोणत्याही खऱ्या येण्यात धरू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही तर जुनं देणं आधी फिटतं. शिकवणीच्या पाचशे रुपयांसाठी कुणी कोर्टात जाणार नाही, पण नियम न्याय्य आहे आणि जमेच्या पानावर पालक काय म्हणाले हा रकाना का हवा, हेही त्यातून कळतं. म्हणून 12 सप्टेंबरचे 1,200 सप्टेंबरमध्येच धरायचे आणि ऑगस्टचे 500 उभे ठेवायचे. 15 ऑक्टोबरचे 1,000 मात्र न बोलता आले. त्यातले 500 ऑगस्टमध्ये धरून ऑगस्ट मिटवता येतो आणि उरलेले 500 ऑक्टोबरमध्ये. आता जी 700 ची बाकी आहे ती सगळी ऑक्टोबरची. दोन महिन्यांच्या दोन तुटी समजावण्यापेक्षा एका महिन्याची एक बाकी सांगणं दोघांनाही सोपं जातं. फक्त हे आपण मनात करून उपयोग नाही, त्याच दिवशी कळवलं पाहिजे:

"नमस्कार ताई. आज 1,000 रुपये मिळाले. त्यातले 500 ऑगस्टच्या बाकीत आणि 500 ऑक्टोबरच्या फीत धरले आहेत. आता ऑक्टोबरचे 700 रुपये राहिले. कधीपर्यंत जमेल ते कळवा."

हा निरोप म्हणजे पोचही आहे आणि आठवणही. माझं ठाम मत आहे की फीच्या आठवणीची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पैसे मिळतात तो क्षण. तेव्हा पालकांनी नुकतंच काहीतरी दिलेलं असतं, त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि राहिलेला आकडा लिखित स्वरूपात त्यांच्याकडे पोचतो. प्रत्येक जमेला असं उत्तर गेलं तर नुसत्या मागणीचे निरोप खूप कमी पाठवावे लागतात.

तरीही काही पाठवावे लागतातच, आणि त्यासाठी I या रकान्यात पुढच्या आठवणीची तारीख हवी. ही तारीख सूत्राने काढू नये असं मला वाटतं. फी 5 तारखेला लागू झाली, सगळ्यांना 10 तारखेला आठवण, हे सुरुवातीला ठीक आहे. पण घराघरातला पैसा वेगवेगळ्या दिवशी येतो. सरकारी नोकरीतल्याचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो, ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचा दहा-बारा तारखेला, कांदा किंवा सोयाबीन विकणाऱ्याकडे महिन्याचा हिशेबच नसतो. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांना एकदम बाराशे देण्यापेक्षा दर आठवड्याला तीनशे देणं झेपतं. ज्याचा पगार 12 ला होतो त्याला 10 ला आठवण करणं म्हणजे दोन दिवस आधी त्याला उगाच अपराधी वाटायला लावणं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारावं, "तुम्हाला कोणती तारीख बरी पडते?" आणि तीच त्या मुलाच्या आकारणीची तारीख ठेवावी.

पालक पुढची तारीख देतात तेव्हा ती लगेच लिहायची. 20 ऑगस्टला आई "नंतर देते" म्हणाली, तेव्हा नंतर हा शब्द वहीत लिहिता येत नाही. विचारायचं, "गणपती झाल्यावर, 8 तारखेला चालेल का?" गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती, 8 ला सोमवार. ती हो म्हणाली की रकान्यात 8 सप्टेंबर. त्याआधी एकही निरोप नाही. दिलेल्या तारखेआधी विचारलं तर पालकांचा शब्द आपण मानला नाही असं होतं, आणि त्यानंतर आठवडाभर विचारलंच नाही तर त्या तारखेला अर्थ उरत नाही.

रोज सकाळी कुणाला निरोप द्यायचा हे शोधावं लागू नये म्हणून शीटमध्ये अटीवरून रंग देण्याची सोय वापरायची. मुलांच्या पानावर दुसऱ्या ओळीपासून खालच्या ओळी निवडून Format मध्ये Conditional formatting, त्यात Custom formula is, आणि तिथे हे:

```
=AND($H2>0,$I2<=TODAY())
```

बाकी आहे आणि आठवणीची तारीख आली आहे, अशाच ओळी रंगतात. तारखेचा रकाना रिकामा राहिला आणि बाकी असेल, तरीही ओळ रंगते, आणि ते आपल्या सोयीचंच आहे: कुणाची तरी तारीख ठरवायची राहिली आहे, हे त्यातून कळतं. पैसे पूर्ण आले की बाकी शून्य होते आणि रंग आपोआप जातो.

इथे तारखेचा एक धोका आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. शीटची मांडणी अमेरिकी असेल तर 8/9/2025 ही तारीख 8 सप्टेंबर न राहता 9 ऑगस्ट धरली जाते आणि ओळ महिनाभर आधीच रंगते. File मध्ये Settings, तिथे Locale हे India करून घ्यावं. दुसरी खूण: आकडे आणि तारखा चौकटीत उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. जमेच्या चौकटीत "1200 रु. रोख" असं लिहिलं तर ते यंत्राच्या लेखी मजकूर आहे आणि बेरजेत धरलं जात नाही. रकमेच्या रकान्यातला एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला तर तिथेच काहीतरी चुकलं आहे.

यूपीआयमुळे पैसे मिळणं सोपं झालं, पण ओळखणं अवघड झालं. मुलीचं नाव एक, पैसे मामाच्या खात्यावरून, आणि बँकेच्या मेसेजमध्ये मामाचं इंग्रजी स्पेलिंग. म्हणून मुलांच्या पानावर पैसे कोणाकडून येतात हा रकाना ठेवला. पालक पाठवतात तो स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये. व्यवहार अडकलेला असू शकतो, जुना असू शकतो. आपल्या खात्यात रक्कम दिसली की मगच जमेत ओळ. वाद होण्याची शक्यता वाटली तर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांकही लिहून ठेवावा. तो दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो. रोख रक्कम मुलाच्या हाती येते तेव्हा पावती त्याच दिवशी पालकांच्या फोनवर गेली पाहिजे. दप्तरातून निघालेलं पाकीट आपल्यापर्यंत किती रकमेसह पोचलं हे पालकांना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. दोन भावंडांचे 2,000 एकदम आले तर दोन ओळी करायच्या, प्रत्येक मुलाची वेगळी.

वही खरी आहे की नाही हे महिन्यातून एकदा तपासता येतं. जमेच्या पानावरची त्या महिन्याची यूपीआयची बेरीज बँकेच्या उताऱ्याशी आणि रोखीची बेरीज डब्यातल्या पैशांशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर फरकाचा आकडाच बऱ्याचदा कारण सांगतो. फरक एखाद्या मुलाच्या फीइतका असेल तर एक ओळ लिहायची राहिली किंवा दोनदा लिहिली गेली. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे पडले: 1,200 चे 2,100 झाले की फरक 900. बेरीज जुळते, पण एका मुलाची बाकी उणे आणि दुसऱ्याची तेवढ्याच रकमेने जास्त दिसते, तेव्हा पैसे बरोबर आले, क्रमांक चुकला. आणि एखाद्याची बाकी दर महिन्याला थोडी थोडी वाढत असेल, समजा दर महिन्याला शंभरने, तर चूक लिहिण्यात नाही. त्या पालकांच्या मनात फी 1,100 ठरली आहे. तिथे आठवणीचा निरोप पाठवू नये, बोलून घ्यावं.

वर्षाच्या शेवटी एक प्रश्न येतो. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कराचं वर्ष एप्रिलमध्ये. मार्चची फी 7 एप्रिलला मिळाली तर वहीत ती मार्च महिन्यात धरायची, पण हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवत असाल तर ते उत्पन्न नव्या आर्थिक वर्षाचं. आकारणी आणि जमा वेगळ्या पानांवर असल्याने हे वेगळं काढावं लागत नाही: जमेच्या पानावरची 1 एप्रिल ते 31 मार्चची बेरीज म्हणजेच वर्षाचं मिळालेलं उत्पन्न. जूनमध्ये नवी फाईल करताना ज्यांची बाकी राहिली त्यांची "मागील बाकी" अशी एकच ओळ नव्या आकारणीत घ्यायची आणि जुनी फाईल तशीच ठेवायची.

ही वही काय करू शकत नाही तेही सांगतो. बाकीची यादी ग्रुपवर टाकायची नाही, आणि वर्गात मुलाला "बाबांना फी द्यायला सांग" असं म्हणायचं नाही. आठवण पालकांना, त्यांच्या एकट्यांच्या फोनवर. दोन तारखा हुकल्या की निरोप थांबवून फोन करायचा, आणि फोनवर आधी घरी सगळं ठीक आहे ना हे विचारायचं. त्या फोननंतर तीन गोष्टींपैकी एक ठरते: हप्ता, सवलत, किंवा शिकवणी थांबवणं. ठरलं ते त्याच दिवशी वहीत जातं. हप्ता ठरला तर आठवणीची नवी तारीख, सवलत ठरली तर आकारणीत उणे ओळ. शिकवणी थांबली आणि पैसे मिळण्याची आशा उरली नाही, तर ती रक्कमही "सोडली" अशी नोंद करून आकारणीतून उणे करायची, म्हणजे ती ओळ रोज सकाळी रंगणार नाही. दहावीच्या मुलाची शिकवणी जानेवारीत बाकीपोटी थांबवायची की नाही, हे मात्र कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नसतं. ते शिकवणाऱ्यालाच ठरवावं लागतं.